स्टोक्सचं थिअरम

बंद वक्रावरून एक फेरी मारताना व्हेक्टर फील्डचं जे सर्क्युलेशन जमा होतं, ते त्या वक्राच्या कडेवर ताणलेल्या कुठल्याही सरफेसमधून जाणाऱ्या कर्लच्या फ्लक्सएवढं असतं: ∮ F·dr = ∬ (∇×F)·n dS. केल्व्हिनने हे 1850 मध्ये स्टोक्सला पत्रात कळवलं होतं, स्टोक्सने 1854 मध्ये केंब्रिजच्या स्मिथ प्राइझ परीक्षेत ते प्रश्न म्हणून टाकलं आणि नाव त्याचंच पडलं. त्या परीक्षेला मॅक्सवेल बसला होता!

हे खरं का, तर सरफेसचे बारीक तुकडे करा आणि प्रत्येकाभोवती एकाच दिशेने फिरा. शेजारच्या दोन तुकड्यांची सामायिक कड एकदा इकडून आणि एकदा तिकडून मोजली जाते म्हणून आतलं सगळं कटतं आणि फक्त बाहेरची कड उरते. एका बारीक तुकड्याचं सर्क्युलेशन म्हणजे जवळपास कर्लचा नॉर्मलच्या दिशेचा भाग गुणिले क्षेत्रफळ, बस.

उदाहरण घेऊ. F = (y, z, x), आणि वक्र म्हणजे x²+y²+z²=1 हा गोल x+y+z=0 या प्लेनने कापल्यावर मिळणारं वर्तुळ. थेट करायचं तर तिरक्या वर्तुळाचं पॅरामीटर बसवा, साइन-कोसाइनचा गुंता सोडवा, होतं पण वैताग येतो. त्यापेक्षा कर्ल काढा, ते सगळीकडे (−1, −1, −1) येतं. प्लेन केंद्रातून जातं म्हणून वर्तुळाची त्रिज्या 1, सपाट डिस्कचं क्षेत्रफळ π. नॉर्मल (1,1,1)/√3 घेतला तर डॉट प्रॉडक्ट −√3, म्हणजे उत्तर −√3π. मायनस आलं म्हणून दचकू नका. नॉर्मलकडे उजव्या हाताचा अंगठा धरला की बोटं ज्या दिशेने वळतात तिकडे आपण फिरलो, फील्डचा कल उलटा आहे एवढंच. मार्क जातात ते बहुतेक इथेच, नॉर्मल एकीकडचा आणि फेरी दुसरीकडची.

डिस्कऐवजी त्याच कडेवरचा अर्धगोल घेतला तरी उत्तर तेच, कारण कर्लचं डायव्हर्जन्स शून्य असतं आणि दोन सरफेसच्या मधल्या जागेत फ्लक्स निर्माणही होत नाही, जिरतही नाही. त्यामुळे सरफेस सोयीचा निवडायचा.

पण फील्ड सरफेसवर सगळीकडे नीट, म्हणजे डिफरन्शिएबल आणि त्याचे डेरिव्हेटिव्ह कंटिन्युअस, असायला हवं. F = (−y, x, 0)/(x²+y²) घ्या, z-अक्ष सोडून कर्ल शून्य, म्हणून घाईत उत्तर शून्य लिहावंसं वाटतं, पण xy-प्लेनमधल्या युनिट सर्कलवर सर्क्युलेशन 2π येतं. अक्षावर फील्डची व्याख्याच होत नाही, आणि या वर्तुळावर डिस्क ताणा, अर्धगोल ताणा की आणखी काही, तो अक्ष कुठेतरी सरफेसला भोसकतोच. वर्तुळ बाजूला सरकवून अक्ष बाहेर ठेवला तर मात्र थिअरम लागू होतं आणि उत्तर खरंच शून्य येतं.