देवमाशाचे सागरतळावरील कलेवर
मृत देवमासा खोल समुद्रात बुडून तळावर स्थिरावल्यानंतर त्याच्या देहावर निर्माण होणारी प्राणिसंहती. उथळ पाण्यात कुजण्यातून निर्माण झालेल्या वायूंमुळे बुडालेले शव पुन्हा वर येऊ शकते, मात्र सु. १,००० मी. पेक्षा अधिक खोलीवर पाण्याच्या दाबामुळे वायूंना फुगता येत नाही व शव तळावरच राहते. सागरी जीवशास्त्रज्ञ क्रेग स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांना १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाजवळील सांता कॅटालिना खोऱ्यात १,२४० मी. खोलीवर देवमाशाचा सु. २० मी. लांबीचा सांगाडा आढळला, तेव्हापासून या संहतीचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला.

हॅगफिश, स्लीपर शार्क व लहान कवचधारी प्राणी मांस संपवतात. मोठ्या शवालाही यासाठी बहुधा दोनेक वर्षे पुरतात. त्यानंतर आसपासच्या मेदयुक्त गाळात वलयी कृमींची दाट वस्ती होते. दीर्घकाळ टिकणारा साठा मात्र हाडांतील मेदाचा असतो. ४० टन वजनाच्या देवमाशाच्या सांगाड्यात २ ते ३ टन मेद असू शकतो. प्राणवायू पोहोचत नाही अशा अंतर्भागात जीवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेटच्या साहाय्याने या मेदाचे विघटन करतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडते. इतर बहुतेक प्राण्यांना विषारी असणाऱ्या याच वायूच्या ऑक्सिडीकरणातून काही शिंपल्यांच्या कल्ल्यांतील सहजीवी जीवाणू ऊर्जा मिळवतात व आश्रयदात्याला पोसतात.

सल्फाइडवर आधारलेली ही गंधकाश्रयी अवस्था किती काळ टिकते, याबाबत एकमत नाही. सांता कॅटालिनासारख्या मोठ्या, प्रौढ सांगाड्यांवरून ती अनेक दशकांची मानली जाते. उलट कॅलिफोर्नियाच्याच माँटेरे उपसागरातील काही शवांची हाडे बरीच लवकर झिजल्याचे दिसले. तेथे ऑसेडॅक्स हे हाडे पोखरणारे कृमी विपुल आहेत. त्यांचा शोध २००२ मध्ये तेथेच सु. २,९०० मी. खोलीवर लागला. त्यांना तोंड व आतडे नसते. मादीच्या मुळांसारख्या शाखा आम्ल स्रवून हाडात शिरतात आणि त्यांतील जीवाणू पोषण पुरवतात. त्यामुळे ज्या हाडांत गंधकाश्रयी प्राणी राहतात, तीच हाडे हे कृमी नाहीशी करतात. देवमाशाचे वय व हाडांची घट्टता यांनुसार कालावधी बदलतो, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. पिलांची सच्छिद्र हाडे लवकर विरतात. त्यामुळे ‘दशके’ हा आकडा प्रत्येक शवाला लावता येत नाही.

ऑसेडॅक्सच्या उत्पत्तीचा काळही विवाद्य आहे. जनुकीय फरकांवरून काळ ठरवणाऱ्या रेणवीय कालमापनाचे काही अंदाज त्यांचा उगम देवमाशांच्या उदयाच्या सुमारास मानतात, तर काही तो क्रिटेशस कल्पात नेतात. २०१५ मध्ये सु. १० कोटी वर्षांपूर्वीच्या प्लेसिओसॉर या सागरी सरीसृपाच्या हाडात त्यांच्या बिळांसारखी छिद्रे असल्याचे प्रसिद्ध झाले, त्यामुळे दुसऱ्या मताला बळकटी मिळाली आहे. छिद्रांवरून प्राण्याची ओळख अप्रत्यक्षच ठरते, हे मात्र लक्षात घेतले पाहिजे. हे मत स्वीकारल्यास देवमासे उत्क्रांत होण्यापूर्वी ऑसेडॅक्स सागरी सरीसृपांच्या अवशेषांवर जगत होते, असे मानावे लागते.