विद्यार्थ्यांवर मानसशास्त्रीय प्रयोग करायचा आहे? नैतिकता समितीकडे अर्ज कसा करावा

एम.ए. किंवा पीएच.डी.साठी विद्यार्थी स्वयंसेवकांवर प्रयोग करायचा असेल, तर पहिला प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होणार तो स्वयंसेवक, प्रयोगशाळेत येण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मंजुरी हवी. माहिती गोळा झाल्यावर मागितलेली मंजुरी मिळत नाही. पायलट अभ्यासालाही हाच नियम लागतो. 'आधी दहाजणांवर करून बघतो, मग अर्ज करतो' असे अनेकजण ठरवतात, पण त्या दहाजणांचाही अर्जात उल्लेख हवा.

अर्ज कोण करू शकतो, प्रयुक्त कोण होऊ शकतो

अर्ज संशोधकाच्या नावाने जातो आणि त्यावर मार्गदर्शक व विभागप्रमुखांच्या सह्या लागतात. प्रयुक्ताचे वय १८ पूर्ण हवे. पहिल्या वर्षात १७ वर्षांची मुले-मुली असतातच. त्यांना घ्यायचे तर पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा लेखी होकार, असे दोन कागद वाढतात. शक्य असेल तर दुसऱ्या वर्षापासून पुढचे विद्यार्थी घ्या.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिक्षकाच्या अधिकाराखालचे विद्यार्थी हा दबावाखाली येऊ शकणारा गट आहे. त्यामुळे जो शिक्षक त्यांना अंतर्गत गुण देतो, त्याने वर्गात उभे राहून नावे मागू नयेत. यात नैतिकतेइतकाच निष्कर्षांचाही प्रश्न आहे. सरांना खूश करायला आलेला विद्यार्थी सरांना हवे असेल तेच उत्तर शोधत बसतो.

कागदपत्रे

अर्जाचा नमुना, संशोधन आराखडा, मराठी आणि इंग्रजी माहितीपत्रक व संमतीपत्र, सर्व प्रश्नावल्या, प्रयुक्ताला दिल्या जाणाऱ्या सूचना शब्दशः, डिब्रीफिंगचा, म्हणजे प्रयोगानंतर खरा हेतू समजावून सांगण्याचा, मजकूर आणि संशोधकाचा बायोडेटा. बहुतेक संस्थांची यादी अशीच असते, तरी आपल्या संस्थेचा नमुना आधी पाहा. माहितीपत्रक आणि सूचना यांना शेवटच्या रात्री उरकायचे काम समजू नका, कारण हे कागद प्रयोगाचाच भाग असतात.

मार्टिन ऑर्न आणि कार्ल शाइबी या संशोधकांनी १९६४ मध्ये हे दाखवून दिले. त्यांनी विद्यार्थ्यांना चार तास एका साध्या खोलीत बसवले. संवेदनवंचन, म्हणजे प्रकाश, आवाज, स्पर्श तोडणे, असे तिथे काहीच नव्हते. मात्र एका गटाचा वैद्यकीय इतिहास विचारला, 'इमर्जन्सी ट्रे' दाखवला, जबाबदारीमुक्तीच्या कागदावर सही घेतली आणि घाबरल्यास दाबायचे बटण दाखवले. दुसऱ्या गटाला सांगितले की तुम्ही फक्त तुलनेसाठी आहात. खोली तीच, वेळ तोच, तरी पहिल्या गटात संवेदनवंचनाची लक्षणे जास्त दिसली. आपल्याकडून काय अपेक्षित आहे याचे जे इशारे प्रयुक्ताला मिळतात, त्यांना ऑर्नने त्याआधीच 'डिमांड कॅरॅक्टरिस्टिक्स' हे नाव दिले होते.

म्हणून माहितीपत्रकात खरी जोखीम जरूर लिहा, पण गृहीतक लिहू नका. 'या अभ्यासात अपयशाचा स्मरणशक्तीवर होणारा परिणाम पाहिला जाईल' हे वाक्य प्रयोग सुरू होण्याआधीच संपवते. त्याऐवजी 'तुम्ही दोन बौद्धिक कामे कराल, काही क्षण अस्वस्थ वाटू शकते, केव्हाही उठून जाता येईल, अभ्यासाचा पूर्ण हेतू शेवटी सांगितला जाईल' असे लिहा. त्यात खोटे काही नाही, आणि काही माहिती मागे ठेवली आहे हेही प्रयुक्ताला कळते.

एक आराखडा पूर्ण पाहू

समजा, प्रयोगात ६० विद्यार्थी आहेत. आधी शब्दकोड्यांची चाचणी होते. मग निम्म्यांना 'तुमची कामगिरी सरासरीपेक्षा बरीच कमी' आणि निम्म्यांना 'सरासरीइतकी' असा, प्रत्यक्ष गुणांशी संबंध नसलेला निकाल मिळतो. त्यानंतर अंकविस्ताराची, म्हणजे ऐकलेले अंक आठवून क्रमाने सांगण्याची, चाचणी. खोटा निकाल म्हणजे फसवणूक, म्हणून हा अर्ज पूर्ण समितीच्या बैठकीपुढे जाईल असे धरून वेळ राखून ठेवा. फसवणुकीशिवाय हा प्रश्न का तपासता येत नाही, ते एका परिच्छेदात लिहावे लागते.

समितीचा पुढचा प्रश्न असतो: निकालामुळे अस्वस्थता आली हे कसे कळणार? त्यासाठीच मॅनिप्युलेशन चेक, म्हणजे दिलेल्या निकालाचा हवा तो परिणाम झाला का याची पडताळणी. इथे दोन प्रश्न वेगळे ठेवा. 'निकाल काय सांगितला होता?' यातून एवढेच कळते की चिठ्ठी वाचली. 'आत्ता किती अस्वस्थ वाटते?' हा खरा चेक. पहिल्याच्या जोरावर दुसरे सिद्ध झाल्याचे अनेक प्रबंधांत लिहिलेले असते, आणि तिथेच युक्तिवाद कोसळतो.

हा प्रश्न विचारायचा कधी? निकालानंतर लगेच विचारला तर प्रयुक्ताच्या लक्षात येते की आपल्या अस्वस्थतेवर यांचे लक्ष आहे. अंकविस्तारानंतर विचारला तर तोवर भावना ओसरलेली असू शकते. माझ्या मते चेक वेगळ्या पायलट गटावर घ्यावा. वीस विद्यार्थ्यांना फक्त कोडी, निकाल आणि हा प्रश्न द्यावा. मुख्य प्रयोगात तो अंकविस्तारानंतरच ठेवावा.

तरीही एक शंका उरते. 'अस्वस्थ' असे उत्तर द्यायला हवे, हे प्रयुक्ताने ओळखले असेल तर? यावर ऑर्ननेच उपाय सुचवला आहे. आणखी दहा-पंधरा जणांना कृती न करता फक्त वर्णन सांगा आणि विचारा, 'तुमच्या बाबतीत असे झाले असते तर काय उत्तर दिले असते?' त्यांचीही उत्तरे तशीच आली, तर त्या मोजपट्टीवरून खरी अस्वस्थता आणि ओळखलेली अपेक्षा वेगळी करता येत नाही. मग मोजमाप बदला. हा गटही अर्जात दाखवा.

चेकमध्ये 'नापास' झालेल्यांना वगळण्याचा मोह टाळा. दोन गटांत वेगवेगळ्या प्रकारची माणसे वगळली जातात आणि यादृच्छिक वाटणी मोडते. वगळायचेच असेल तर निकष अर्जातच लिहा आणि सर्वांना धरून केलेले विश्लेषणही द्या.

प्रयोगकर्त्याला काय माहीत असेल

ब्रुसेल्समध्ये स्टेफान डॉयन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक गाजलेला प्रयोग पुन्हा केला. वृद्धत्वाशी निगडित शब्द वाचल्यावर माणूस हळू चालतो, असा मूळ दावा होता. प्रयोगकर्त्यांना 'लोक हळू चालतील' असे सांगितले, तेव्हाच तो परिणाम दिसला. त्यामुळे 'प्रयोगकर्ता तटस्थ राहील' या वाक्याने समितीचे समाधान होत नाही आणि होऊही नये. आपल्या प्रयोगात प्रयोगाशी संबंध नसलेली व्यक्ती निकालाच्या चिठ्ठ्या जाड, बंद पाकिटांत घालून यादृच्छिक क्रमाने १ ते ६० आकडे टाकेल. प्रयुक्त पाकीट एकटा असताना उघडेल. अंक संगणक वाचेल आणि गुणही तोच नोंदवेल. अर्जात इतके तपशील हवेत.

शेवटची दहा मिनिटे

डिब्रीफिंगआधी शंका विचारून घ्या, आणि क्रम मोकळ्या प्रश्नाकडून नेमक्या प्रश्नाकडे ठेवा: अभ्यास कशाबद्दल होता असे वाटते? काही विचित्र वाटले का? निकालावर विश्वास बसला का? आधी कोणाकडून ऐकले होते का? हा शेवटचा प्रश्न विद्यार्थ्यांच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे, कारण एका दुपारीत वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळे पोचते. शक्य असेल तर मानसशास्त्राबाहेरच्या विभागांतून प्रयुक्त घ्या.

खोटा निकाल मात्र त्याच बैठकीत खोडून काढायचा. गोपनीयतेसाठी विद्यार्थ्याला 'आपण कमी पडलो' या समजुतीत आठवडाभर ठेवता येणार नाही. निकाल गुण पाहून नव्हे, चिठ्ठीने ठरला होता, हे पाकिटे दाखवून सांगा. मग त्याची माहिती वापरण्यासाठी पुन्हा संमती घ्या. त्याने नकार दिला तर ती माहिती काढून टाका.

मंजुरीनंतर चेकची जागा, सूचनांतील वाक्य किंवा प्रयोगकर्ता बदलायचा असेल, तर आधी दुरुस्ती अर्ज करून समितीचे उत्तर येईपर्यंत थांबावे लागते.