काळा कोरा चहा म्हणजे चांगला चहा?

सोलापुरात सुटा चहा विकणाऱ्या ओळखीच्या एका दुकानदारांनी मला दोन नमुन्यांचे फोटो पाठवले. कोरड्या पत्तीचे वेगळे, गाळलेल्या कोऱ्या चहाचे वेगळे. पहिला चहा काळपट दिसत होता, दुसरा विटकरी. "पहिलाच घेतो, रंग जास्त सोडतोय," असं त्यांनी लिहिलं होतं.

मी आधी पत्ती पाहिली. दोन्ही नमुने सीटीसीचे, म्हणजे पानं रुळांमध्ये चिरडून, फाडून, वळवून केलेले. पहिला बारीक भुकटीचा होता, दुसऱ्याचा दाणा गोल. भुकटी जितकी बारीक तितका तिचा रंग पाण्यात लवकर उतरतो, त्यामुळे नुसत्या गडदपणावरून दर्जा ठरत नाही. पहिल्यात तांबूस काड्या आणि तंतू मात्र बरेच होते. जून, जाड पानांची तोडणी झाली की ते वाढतात, आणि फोटोत ते स्पष्ट दिसतात.

आता रंगाकडे वळू. पानाचं ऑक्सिडीकरण होताना थिअफ्लेव्हिन नावाची सोनेरी-नारिंगी द्रव्यं तयार होतात, तसंच थिअरुबिजिन ही लालसर तपकिरी द्रव्यंही. ही क्रिया लांबली तर थिअफ्लेव्हिन घटतात. मग चहा गडद होतो, पण निस्तेज. म्हणूनच चहा पारखणारे गडदपणापेक्षा तजेला पाहतात. कपाच्या कडेला सोनेरी झाक आहे का, हे ते शोधतात.

मग मी पाण्याबद्दल विचारलं. पहिला चहा बोअरच्या पाण्यात केला होता, दुसरा फिल्टरच्या. इथेच घोळ होता. जड पाण्यातले बायकार्बोनेट पाणी अल्कधर्मी ठेवतात आणि त्यात थिअरुबिजिनचा रंग गडद होतो. लिंबू पिळल्यावर कोरा चहा फिका पडतो, ती याचीच उलट बाजू.

त्यांना पुन्हा चहा करायला सांगितलं. दोन्हींना फिल्टरचं ताजं उकळलेलं पाणी, १०० मिलिलिटरला २ ग्रॅम पत्ती, झाकून ६ मिनिटं. सारखे पांढरे कप, सारखीच पातळी, खिडकीजवळचा उजेड. दोन्ही कप एकाच फोटोत हवेत, कारण फोन प्रत्येक फोटोत पांढरा रंग आपल्या हिशेबाने बदलतो. एकाच फोटोत चूक झाली तरी ती दोन्हींना सारखीच लागू होते. फोटो गरम असतानाच काढायचा. चांगला कोरा चहा गार झाला की थिअफ्लेव्हिन आणि कॅफीन एकत्र येऊन गढूळ होतो, आणि फोटोत तो वाईट वाटतो.

नव्या फोटोत पहिला थोडासाच गडद दिसला, पण त्याची कड मंद होती. दुसरा तांब्यासारखा लख्ख. मी दुसऱ्याच्या बाजूने मत दिलं, पण घेण्याआधी दोन्ही पिऊन बघा असंही कळवलं. वास, सादळलेपणा, जिभेवरचा तुरटपणा यांतलं काहीच फोटोत येत नाही.

वरून रंग मिसळलाय का, हेही फोटोवरून सांगता येत नाही. त्यासाठी पत्ती पांढऱ्या टिपकागदावर पसरून पाणी शिंपडावं, मग ती काढून कागद नळाखाली धुवावा आणि उजेडात धरून पाहावा. रंग घातलेला असेल तर कागदावर डाग राहतात.