प्रचलित अटींचा तक्ता (करार)

मूळ करारावर झालेली दुरुस्तीपत्रे आणि त्याला जोडलेले पुरवणी करार क्रमाने लागू करून, एखाद्या ठरावीक दिवशी कोणत्या अटी अमलात आहेत हे दाखवणाऱ्या कोष्टकाला प्रचलित अटींचा तक्ता म्हणतात. दुरुस्तीपत्र आधीचा मजकूर बदलते, तर पुरवणी करार सहसा मूळ मजकुराला हात न लावता नवीन भर घालतो. मात्र दस्तऐवजाच्या शीर्षकावर विसंबू नये, कारण पुरवणी म्हणून जोडलेल्या कागदातही कलम बदलणारे वाक्य असू शकते.

तक्ता बहुधा चुकतो तो बदलाची शब्दरचना घाईने वाचल्यामुळे. समजा, १ एप्रिल २०२१ च्या करारातील कलम ६.२ मध्ये दोन वाक्ये आहेत: देयक मिळाल्यापासून ३० दिवसांत रक्कम द्यावी, आणि उशीर झाल्यास दरसाल १२ टक्के व्याज द्यावे. १ जुलै २०२२ पासून लागू झालेले पहिले दुरुस्तीपत्र म्हणते, ‘कलम ६.२ संपूर्णपणे वगळून त्याऐवजी पुढील मजकूर वाचावा: देयक मिळाल्यापासून ४५ दिवसांत रक्कम द्यावी.’ घाईत वाचणारा तक्त्यात ३० च्या जागी ४५ लिहितो आणि व्याजाची ओळ तशीच ठेवतो. प्रत्यक्षात संपूर्ण कलम बदलल्यामुळे त्यातील व्याजाची तरतूदही गेलेली असते. ती दुसऱ्या कलमात नसेल, तर त्या ओळीत ‘१ जुलै २०२२ पासून रद्द’ अशी नोंद हवी.

आता ५ मे २०२३ रोजी सही झालेले, पण १ एप्रिल २०२३ पासून लागू होणारे दुसरे दुरुस्तीपत्र पाहू. ते म्हणते, ‘कलम ६.२ मधील ३० दिवस या शब्दांऐवजी ६० दिवस असे वाचावे.’ ते शब्द कलमात उरलेलेच नाहीत. म्हणजे मसुदा करणाऱ्याने मूळ करार समोर ठेवला, पहिले दुरुस्तीपत्र नाही. पक्षकारांना ६० दिवसच अभिप्रेत असावेत असे वाटले, तरी तक्ता करणाऱ्याने तो अंदाज अट म्हणून लिहू नये. ४५ दिवस आणि ६० दिवस ही दोन्ही वाचने आणि त्यांचे स्रोत नोंदवून ती ओळ ‘खुलासा प्रलंबित’ ठेवावी आणि दोन्ही पक्षांकडून चूकदुरुस्तीचे पत्र घ्यावे. हे दुरुस्तीपत्र मागील तारखेपासून लागू असल्याने एप्रिलमधील देयकेही त्याच्या कक्षेत येतात. म्हणून सहीची तारीख आणि अंमल-तारीख वेगळ्या रकान्यांत लिहितात, आणि दुरुस्त्या लावण्याचा क्रम केवळ त्यांच्या क्रमांकावरून ठरवत नाहीत.

पुरवणी कराराची व्याप्तीही तपासावी लागते. प्रशिक्षणसेवेची भर घालणाऱ्या पुरवणीत १५ दिवसांची मुदत असेल, तर ती त्या सेवेपुरती स्वतंत्र ओळ होते, कलम ६.२ ची मुदत त्यामुळे बदलत नाही. दोन दस्तऐवजांत विसंगती दिसल्यास आधी करारातील अग्रक्रमाचे कलम पाहतात.

प्रत्येक ओळीत अट, तिचे आजचे रूप, स्रोत-दस्तऐवज व कलम आणि अंमल-तारीख असते. जुनी रूपे खोडत नाहीत, कारण वाद बहुधा मागील एखाद्या दिवशीच्या स्थितीबद्दल असतो. तक्ता स्वतः करार नसतो: दोन्ही पक्षांनी एकत्रित सुधारित करारावर सही केली नसेल, तोवर सही झालेले मूळ कागदच बंधनकारक राहतात.