दुबार ग्राहक नोंदींची सफाई

सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांची माहिती ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एकाच ग्राहकाच्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी झालेल्या नोंदी शोधून त्यांची एक नोंद करणे, याला दुबार नोंदींची सफाई म्हणतात. विक्री मोहिमेआधी हे काम करावे लागते, कारण मोहीम सुरू झाली की तीच यादी फोन करणाऱ्यांत वाटली जाते. एका शेतकऱ्याच्या दोन नोंदी दोघांच्या वाट्याला गेल्या तर त्याला एकाच दिवशी दोन फोन जातात आणि बहुधा दोन वेगळे भाव सांगितले जातात.

नाशिक जिल्ह्यात ठिबक संच, विद्राव्य खते आणि फवारणीची औषधे विकणाऱ्यांची मोठी मोहीम द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर येते. निफाड आणि दिंडोरीसाठी यादी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तयार लागते. बागलाणात आगाप छाटणी होत असल्याने तिथली यादी त्याहून बरीच आधी लागते. या लेखात अशाच एका ग्रामीण ग्राहक यादीचा विचार केला आहे. शहरी यादीसाठी सांगितलेले नियम इथे जसेच्या तसे लावले तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त होते.

नोंदी दुबार का होतात

एकच बागायतदार कृषी प्रदर्शनातल्या रजिस्टरमध्ये नाव लिहितो, काउंटरवर बिल करतो आणि पुढच्या वर्षी शेतावर आलेल्या विक्री प्रतिनिधीला माहिती देतो. रजिस्टरमध्ये आडनाव आधी असते, बिलावर वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर असते आणि प्रतिनिधी मोबाइलवर इंग्रजी लिपीत कानाला जसे ऐकू येईल तसे टाइप करतो. गावाचेही तेच. ओझर कुठे `Ozar` असते, कुठे `Ojhar`. अशा तीन नोंदी संगणकाच्या लेखी तीन माणसे होतात.

रकाने सारखे करणे

तुलना करण्याआधी मोबाइल क्रमांक एका रूपात आणतात. काही ठिकाणी आधी शून्य असते, काही ठिकाणी 91, मध्ये मोकळी जागा किंवा आडवी रेघ. भारतातला मोबाइल क्रमांक दहा आकडी असल्याने उजवीकडचे दहा आकडे घेतले की पुरते:

```
=RIGHT(SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2," ",""),"-",""),10)
```

एका चौकटीत दोन क्रमांक असतील तर हे सूत्र मुकाट्याने दुसराच उचलते, म्हणून तसे रकाने आधी वेगळे करावे लागतात. एक्सेलची आणखी एक खोड महागात पडते. 91 लावलेला बारा आकडी क्रमांक साध्या चौकटीत `9.19822E+11` असा दिसतो. तशीच फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली की दिसते तेच लिहिले जाते आणि शेवटचे आकडे कायमचे जातात. गट नंबराचे त्याहून वाईट होते. `12/1` टाइप केले की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. हे दोन्ही रकाने फाइल उघडतानाच मजकूर म्हणून घ्यायचे. नंतर दुरुस्त करू म्हटले तर मूळ आकडा हाती उरत नाही.

गावांसाठी केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला गावाचा संकेतांक लावणे सर्वांत भरवशाचे, कारण पिंपळगाव नावाची गावे एकाहून अधिक आहेत.

मोबाइल क्रमांक म्हणजे माणूस नव्हे

बहुतेक सीआरएममध्ये मोबाइल किंवा ईमेल जुळला की नोंद दुबार ठरवण्याची सोय असते. शेतकरी ग्राहकांकडे ईमेल क्वचितच असतो, त्यामुळे सगळा भार मोबाइलवर येतो. इथेच फसगत होते. तीन खातेदारांच्या घरात विचारपूस करणारा एकच मुलगा असतो आणि वडील, चुलते व मोठा भाऊ या तिघांच्या नोंदीत त्याचाच क्रमांक असतो. शेत वेगळे, उधारी वेगळी, ठिबकच्या अनुदानाचा अर्जही वेगळा. क्रमांक जुळला म्हणून तिघांना एक केले तर दोन ग्राहक यादीतून नाहीसे होतात आणि तिघांची बाकी एकाच्या नावावर चढते.

उलट बाजूने, क्रमांकाची चौकट भरल्याशिवाय नोंद पुढे सरकत नाही म्हणून प्रतिनिधी स्वतःचा किंवा दुकानाचा क्रमांक टाकून मोकळा होतो. म्हणून तुलनेआधी प्रत्येक क्रमांक किती नोंदींत आहे ते मोजावे. चारपेक्षा जास्त नोंदींत आलेला क्रमांक जुळणीतून बाजूला काढून त्या नोंदी डोळ्यांनी पाहाव्यात. ही मोजणी अर्ध्या तासाची असते. ती टाळली तर दुकानाच्या क्रमांकाभोवती वीस-वीस अनोळखी शेतकऱ्यांचा एकच गठ्ठा तयार होतो.

नावांची तुलना

नावे अक्षरशः जुळत नाहीत, म्हणून सारखेपणा मोजतात. यासाठी लेव्हेनश्टाइन अंतर सर्रास वापरले जाते. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरे बदलावी, घालावी किंवा गाळावी लागतात, ती संख्या म्हणजे हे अंतर. मराठी नावांवर ते कसे वागते हे एका काल्पनिक उदाहरणातून स्पष्ट होईल. एका गावात, एकाच मोबाइल क्रमांकावर या तीन नोंदी आहेत:

```
1  Sachin Balasaheb Shinde   गट 112/1
2  Nitin Balasaheb Shinde    गट 112/2
3  Sachin B Shinde           गट 112/1
```

पहिली आणि तिसरी नोंद एकाच माणसाची आहे, दुसरी त्याच्या भावाची. पहिल्या नोंदीत मोकळ्या जागा धरून 23 अक्षरे आहेत. तिच्यात आणि दुसरीत अंतर फक्त 4, म्हणजे सारखेपणा सुमारे 83 टक्के. पहिल्या आणि तिसऱ्या नोंदीत मात्र वडिलांच्या नावातली 8 अक्षरे गळाली आहेत, म्हणून सारखेपणा 65 टक्केच. ऐंशीच्या वरचे सगळे एक करा असा नियम लावला तर दोन भाऊ एक होतात आणि एकच माणूस दोन राहतो. टक्केवारी वरखाली केल्याने हे सुटत नाही, कारण दोष पूर्ण नावाची एकसंध तुलना करण्यात आहे. सख्ख्या भावांचे मधले नाव आणि आडनाव सारखेच असणार, त्यांच्यात फरक पडतो तो पहिल्या नावात.

म्हणून नावाचे तीन भाग सुटे करून प्रत्येकाची तुलना स्वतंत्र करायची. पहिले नाव जवळपास जुळलेच पाहिजे. मधल्या नावाच्या जागी आद्याक्षर असेल तर ते विरोधात जात नाही एवढेच धरायचे, आणि आडनावाला सर्वांत कमी वजन द्यायचे. गावात निम्मी भावकी एकाच आडनावाची असते, तेव्हा आडनाव जुळण्यातून फारसे काही कळत नाही. दुर्मीळ गोष्ट जुळली तर तिला जास्त वजन, हा विचार कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातले इव्हान फेलेगी आणि ॲलन सन्टर यांनी 1969 मध्ये गणिती रूपात मांडला. जोड्यांचे तीन ढीग करण्याची पद्धतही त्यांचीच: नक्की एक, नक्की वेगळे, आणि माणसाने पाहावे असे.

उच्चारावरून संकेत देणारी साउंडेक्स पद्धत काही साधनांत तयार मिळते. ती इंग्रजी आडनावांसाठी बेतलेली आहे आणि नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवते. त्यामुळे वाघ हे आडनाव `Wagh` लिहिले तर W200 आणि `Vagh` लिहिले तर V200 होते. `Dnyaneshwar` आणि `Gyaneshwar` यांचे संकेत तर D552 आणि G526, म्हणजे काहीच संबंध नाही. तुलनेआधी व साठी एकच अक्षर, ज्ञ साठी एकच जोडी आणि `Laxman`-`Lakshman` सारख्यांसाठी एकच रूप ठरवणारी छोटी बदल-यादी करून ठेवणे जास्त उपयोगी पडते. नावाला चिकटलेले राव, भाऊ, आबाही तुलनेपुरते काढायचे. मूळ नावाच्या रकान्याला मात्र हात लावायचा नाही.

कोणाची तुलना कोणाशी

6,400 नोंदींची प्रत्येकाशी प्रत्येक अशी तुलना केली तर जोड्या 2 कोटी 4 लाखांवर जातात. तुलना गावापुरती ठेवली आणि 200 गावांत सरासरी 32 नोंदी धरल्या तर जोड्या 99,200 उरतात. गाव चुकीचे पडलेल्या नोंदी यातून निसटतात, म्हणून मोबाइल क्रमांकाच्या आधारे दुसरी फेरी करावी लागते.

दोन स्वतंत्र खुणा जुळल्याशिवाय नोंदी एक करायच्या नाहीत, हा नियम इथे चांगला चालतो. पहिले नाव आणि गट नंबर, किंवा पहिले नाव, गाव आणि मोबाइल. कृषी सेवा केंद्रांसाठी पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक सर्वांत भक्कम. तरी एकाच राज्यातल्या दोन शाखांचा तो एकच असू शकतो, तेव्हा माल उतरवण्याचा पत्ता वेगळा असेल तर शाखा वेगळ्याच ठेवाव्यात. शंकेच्या ढिगासाठी त्या भागातल्या प्रतिनिधीजवळ बसणे हा सर्वांत जलद मार्ग आहे. कोण कोणाचा भाऊ हे तो यादी न पाहता सांगतो.

सुटलेल्या दुबार नोंदीमुळे एक जादा फोन जातो, पण चुकीने एक झालेल्या नोंदींमुळे ग्राहकच हरवतो. त्यामुळे शंका राहिली तर नोंदी वेगळ्याच ठेवणे योग्य.

एक करताना

आधी पूर्ण यादीची प्रत काढून ठेवतात आणि बाहेरून होणारी आयात थांबवतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी जोडलेली नोंद मुख्य म्हणून ठेवायची, मग ती अपुरी दिसली तरी चालेल. पत्ता आणि मोबाइल अलीकडच्या व्यवहारातला घ्यायचा. दोन्हीकडे बाकी असेल तर बेरीज करायची. एका नोंदीत ‘फोन नको’ असे असेल आणि दुसरीत होकार, तर नकार टिकला पाहिजे. अनेक साधने मुख्य नोंदीतले मूल्य डोळे झाकून घेतात आणि नकार पुसला जातो. मोहिमेच्या पहिल्याच दिवशी येणाऱ्या तक्रारी बऱ्याचदा इथून येतात.

सेल्सफोर्स या सीआरएममध्ये एका वेळी जास्तीत जास्त तीन नोंदी एक करता येतात. कोणतेही साधन असो, मिटलेल्या नोंदीचा जुना आयडी मुख्य नोंदीत एका रकान्यात लिहून ठेवावा. चूक उघडकीस आली तर नोंदी पुन्हा वेगळ्या करायला तोच धागा हाती असतो.

सगळे झाल्यावर एक केलेल्यांतून यदृच्छेने शंभर निवडून फोनवर गट नंबर विचारून पाहतात. त्यात दोन माणसे एक झालेली एक जरी नोंद सापडली तर ती कोणत्या नियमाने जुळली ते पाहून त्या नियमाची सगळी विलीनीकरणे पुन्हा तपासावी लागतात. आयात पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभर रोज दुबार नोंदींची संख्या मोजायची. ती दुसऱ्याच दिवशी पूर्वीच्या आकड्याकडे चढली तर बहुतेक वेळा बिलिंगचे सॉफ्टवेअर मिटलेल्या नोंदी जुन्या आयडीने परत पाठवत असते, आणि दुरुस्ती सीआरएममध्ये न करता तिकडे करावी लागते.