बाबांना फेडायचे पैसे आणि घरी पाठवायचे पैसे

नोकरी लागली की मुलं घरी पैसे पाठवायला लागतात. फीसाठी बाबांकडून उसने घेतलेले पैसे फेडायचे असतात, तेही याच खात्यातून त्याच खात्यात जातात. बँकेच्या पासबुकात दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात, म्हणून वर्षभराने मुलगी म्हणते ‘लाखभर फेडले’ आणि बाबा म्हणतात ‘ते तर घरखर्चाला आले होते’. दोघंही खरं बोलत असतात. फेडीचं पत्र लिहायचं ते हा घोळ आधीच मिटवायला.

फरक असा. फेडीला आकडा असतो. दर हप्त्याने बाकी कमी होते आणि एक दिवस ती शून्यावर येते. घरच्या मदतीला बाकी नसते. आजीचं औषध, विजेचं बिल, गणपतीचा खर्च जसा येईल तसे पैसे जातात आणि त्यांचा हिशोब कुणी मागत नाही, मागूही नये. फेड चुकली तर सांगावं लागतं. मदत एखाद्या महिन्यात कमी गेली तर फोनवर दोन वाक्यांत भागतं.

एक उदाहरण घेऊ. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने वडिलांकडून १,८०,००० रुपये घेतले आहेत. जुलै २०२६ पासून पुण्यात नोकरी, हातात २८,००० येणार. तिच्या पत्रातला मधला भाग साधारण असा असावा:

‘तीर्थरूप बाबा, सा. नमस्कार. फीसाठी तुम्ही दिलेले १,८०,००० मी ऑगस्ट २०२६ पासून फेडायला घेते. रूमचं डिपॉझिट भरायचं असल्यामुळे ऑगस्ट आणि सप्टेंबरला प्रत्येकी ४,००० जमतील. ऑक्टोबर २०२६ ते जून २०२८ दरमहा ८,०००, आणि जुलै २०२८ ला शेवटचे ४,०००. हे पैसे ५ तारखेला येतील. आजीच्या औषधांचे ३,००० दर १० तारखेला वेगळे पाठवीन, ते यात धरू नका. मध्येच दादाच्या किंवा घराच्या कामाला जास्त पाठवले, तर ते हप्त्यात धरायचे की नाही हे आपण त्याच वेळी ठरवू. तुम्हाला हे जमेल का, कळवा. हप्ता कमी-जास्त करायचा असेल तर तोही आकडा सांगा.’

बेरीज जुळते: ८,००० अधिक १,६८,००० अधिक ४,०००. एकूण चोवीस हप्ते. हप्ता आणि औषधाचे पैसे गेल्यावर तिच्याकडे १७,००० उरतात आणि त्यात खोलीभाडं, मेस, प्रवास बसतो का हे पत्र टाकण्याआधी कागदावर मांडून बघायचं. जोशात १२,००० चा हप्ता लिहिणारी मुलं तिसऱ्या महिन्यात बाबांकडेच पुन्हा उसने मागतात. हप्ता हुकला तर पुढच्या महिन्यात दुप्पट भरायचं वचनही नको. एक महिना शेवटी वाढवा.

तारखा वेगळ्या ठेवण्याचं कारण साधं आहे. ११,००० एकदमच गेले की पुन्हा तोच घोळ. यूपीआयने पाठवताना शेऱ्यात ‘फी हप्ता ३/२४’ लिहिलं, तर पुढे दोघांनाही वही उघडावी लागत नाही.

आयकराच्या बाजूनेही या दोन गोष्टी एक नाहीत. मुलांनी आईवडिलांना दिलेली मदत ही भेट धरली जाते आणि आईवडिलांना तिच्यावर कर लागत नाही. कर्जाला मात्र रोखीचा नियम आहे: २०,००० किंवा त्याहून मोठं कर्ज रोखीने घेता येत नाही आणि रोखीने फेडताही येत नाही. ‘माझा हप्ता तर आठच हजारांचा’ असं म्हणून चालत नाही, कारण बघायची ती कर्जाची रक्कम. तेव्हा सुट्टीला घरी जाऊन बाबांच्या हातात पाकीट ठेवायची हौस आजीच्या पैशांवर भागवा, हप्ता खात्यातूनच जाऊ द्या.

आणि व्याज? बाबांनी साठवणुकीतून दिले असतील तर बहुतेक घरांत ते विषयच काढत नाहीत. पण त्यांनी आईचे दागिने बँकेत ठेवून किंवा पतसंस्थेतून पैसे उभे केले असतील, तर त्यांना दरमहा व्याज पडतंय. अशा वेळी बँकेची मुदत आधी विचारा आणि वेळापत्रक त्या मुदतीला जुळवा. चोवीस महिन्यांचा तक्ता पाठवायचा आणि दागिने सोडवायची तारीख बारा महिन्यांवर, हे काही खरं नाही.

‘मुलीकडून कसले परत घ्यायचे’ असं उत्तर येण्याची शक्यता मोठी आहे. मग पैसे थांबवू नका, त्यांना जागा विचारा: धाकट्याच्या पुढच्या वर्षाच्या फीला लावायचे, की बाबांच्या नावाने आवर्त ठेव उघडायची. जे ठरेल ते त्याच पत्राच्या खाली लिहा आणि ती रक्कम चोवीस हप्त्यांतच मोजा.