तडजोड आणि तोडपाणी: नाक्यावर दिलेले पैसे नेमके कुठे जातात

नाकाबंदीत गाडी बाजूला घ्यायला लावली की पुढची दोन वाक्यं बहुतेकांना तोंडपाठ असतात. “अडीच हजारांचं चलान होतंय.” मग थोडा वेळ जाऊ देऊन, “काय करायचं बोला.” या दुसऱ्या वाक्यावर माणूस गडबडतो, कारण त्याच्या डोक्यात दोनच वाटा असतात. आत्ताच्या आत्ता अडीच हजार भरायचे, नाहीतर पाचशेत मिटवायचं. पाचशे स्वस्त वाटतात आणि खिसा मोकळा होतो. खरं तर तिसरी वाटही असते. चलान घ्यायचं, एक रुपयाही न देता निघायचं आणि पैसे नंतर ऑनलाइन भरायचे. ही वाट माहीत नसते म्हणूनच तोडपाण्याचा धंदा चालतो.

गोंधळ होण्याला कारणही आहे. रस्त्यावरच पैसे देऊन प्रकरण संपवण्याची सोय कायद्यातच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 प्रमाणे ठरावीक गुन्ह्यांत ठरलेली रक्कम भरली की खटला चालत नाही. सरकारी भाषेत ही तडजोड. तडजोड आणि तोडपाणी, दोन्ही त्याच नाक्यावर त्याच गणवेशातल्या माणसासमोर होतात. दोन्हींत पैसे देऊन मोकळं झाल्यासारखं वाटतं. पण खरोखर मोकळा होतो तो तडजोड करणाराच.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात दुचाकीवर हेल्मेट नाही आणि विम्याची मुदत गेल्या महिन्यात संपलेली. महाराष्ट्रात विना हेल्मेटचे 500 आणि विमा नसल्याचे 2000, मिळून अडीच हजार. तडजोड करायची तर पोलिसाच्या हातातल्या ई-चलान यंत्रावर गाडीचा नंबर, कलमं आणि फोटो चढतो. चलान क्रमांक तयार होतो आणि गाडीच्या नोंदीत जो मोबाइल नंबर असेल त्यावर मेसेज येतो. पैसे तिथेच भरले तर चलान ‘भरलेलं’ दिसतं आणि पावती मिळते. नाही भरले तर ते थकीत राहतं, एवढंच. नंतर mahatrafficechallan.gov.in वर गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकून ते पाहता आणि भरता येतं.

आता तेच पाचशेत मिटवलं असं समजा. कुठे नोंद नाही, क्रमांक नाही, मेसेज नाही. पुढच्या चौकात दुसऱ्या पोलिसाने अडवलं तर ‘मागे भरले’ म्हणून दाखवायला हातात काही नाही. मागच्या सिग्नलच्या कॅमेऱ्याने हेल्मेटचा फोटो आधीच घेतला असेल तर ते चलान वेगळं येतं. म्हणजे दिलेल्या पाचशेंनी फक्त त्या एका माणसाचं लक्ष दुसरीकडे वळलं.

दोन्हींतला फरक पैसे द्यायच्या क्षणी ओळखता येतो. रोख मागताना यंत्र खिशात किंवा गाडीच्या डिकीत असेल, तर ते तोडपाणी समजावं. हल्ली रोखीऐवजी “समोरच्या टपरीवर स्कॅन करा” असं सांगतात. क्यूआर स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी स्क्रीनवर नाव येतं. ते कोणा व्यक्तीचं किंवा पान दुकानाचं असेल तर पैसे सरकारच्या खात्यात जाणार नाहीत, हे वेगळं सांगायला नको. रकमेत घासाघीस होत असेल तरीही तेच. तडजोडीची रक्कम सरकारने अधिसूचनेत ठरवलेली असते, ती भाजीसारखी कमीजास्त होत नाही.

सगळ्यात पक्की खूण दारूच्या केसमध्ये सापडते. दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम 185 हे कलम 200 च्या यादीतच नाही. ती केस कोर्टात जाते, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. त्यामुळे थर्टी फर्स्टच्या रात्री श्वास तपासणीनंतर कोणी “इथेच भरून टाका” म्हणालं, तर ती रक्कम कितीही असो, लाचच आहे.

तडजोडीलाही मर्यादा आहेत. हेल्मेटसारख्या गुन्ह्यात पैसे भरले तरी लायसन्स निलंबनाची कारवाई वेगळी होऊ शकते. 2019 च्या दुरुस्तीने ती वाट मुद्दाम उघडी ठेवली आहे. शिवाय पैसे भरले की वाद संपतो. चलान चुकीचं आहे असं वाटत असेल, समजा नंबर तुमचा पण फोटोतली गाडी भलतीच, तर आधी भरून मग भांडायला जाऊ नये. संकेतस्थळावर तक्रार करावी, नाहीतर कोर्टात म्हणणं मांडावं.

नाक्यावर वागायचं कसं, हे फार अवघड नाही. गणवेशातल्या पोलिसाने लायसन्स मागितलं तर दाखवावं लागतं, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद चालतात, नियम 139 मध्ये तसं स्पष्ट आहे. स्क्रीन दाखवावी, फोन मात्र हातात देऊ नये. तडजोडीची रक्कम मात्र सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यानेच घ्यायची असते, वॉर्डनने नाही. चावी काढून घेण्याचा अधिकार कायद्यात कुठे लिहिलेला नाही. तरी त्यावरून हातघाईवर येण्यापेक्षा नाव आणि बिल्ला नंबर पाहून ठेवावा. गाडी ताब्यात घेता येते, पण त्याला लायसन्स, नोंदणी किंवा परमिट नसण्यासारखं कारण लागतं. लायसन्स ठेवून घेतलं तर त्याची पोच मागावी, ती देणं बंधनकारक आहे.

आणि “काय करायचं बोला” याला उत्तर एकच, शांतपणे: “साहेब, चलान करा, मी ऑनलाइन भरतो.” मोबाइल उंचावून कायदा शिकवायला गेलं की समोरच्याचा अहंकार जागा होतो, आणि मग पीयूसीपासून नंबरप्लेटपर्यंत सगळं तपासलं जातं. तेही त्याच्या अधिकारात बसतं. नकार दिल्यावर पूर्ण चलान होणार हे गृहीत धरावं.

लाच घेणं गुन्हा हे सगळ्यांना ठाऊक असतं. देणंही गुन्हा आहे हे मात्र अनेकांना नवीन वाटतं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 ला झालेल्या बदलानंतर देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दबावाखाली द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवावं लागतं, तरच सुटका. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर 1064 आहे.

नाक्यावर दोन मिनिटांत मागितलेल्या पाचशेंसाठी सापळा लागत नाही, हेही खरं. सापळ्याआधी पंचांसमोर मागणीची पडताळणी व्हावी लागते आणि त्याला वेळ जातो. मात्र लायसन्स किंवा गाडी अडकवून “उद्या चौकीत येऊन भेटा, बघू” म्हटलं असेल, तर तो वेळ मिळतो. अशा वेळी चौकीत जाण्याआधी 1064 ला फोन करावा. जागा, वेळ आणि मागितलेली रक्कम सांगावी, आणि चौकीत पैसे घेऊन स्वतःच्या अकलेने जाऊ नये.